हॉस्पिटलच्या बिलात एकच खर्च दोनदा लागला असेल तर : तपशीलवार बिल आणि दुरुस्तीच्या पत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं माणूस बरं होऊन घरी आल्यावर बिलाचे कागद पुन्हा उघडायला नको वाटतं. तरी ज्यांनी ते उघडले, त्यांना बहुतेक वेळा एकच प्रश्न पडतो: यातलं बरोबर काय आणि दोनदा लागलेलं काय, हे ओळखायचं कसं? नातेवाइकांबरोबर बसून अशी बिलं ताडताना जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं खाली आहेत. सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण घेतलंय, म्हणजे हिशेब सलग कळेल. एका मुलाने वडिलांना ३ तारखेच्या रात्री १० वाजता दाखल केलं. ४ तारखेला सकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ती रात्र आयसीयूत गेली, ५ तारखेला दुपारी त्यांना वॉर्डात हलवलं आणि ७ तारखेला सकाळी ११ वाजता घरी सोडलं. आकडे केवळ हिशेब दाखवण्यापुरते आहेत, म्हणून त्यांना चलन जोडलेलं नाही.

माझ्या हातात बिल आहे, मग तपशीलवार बिल वेगळं का मागायचं?

कारण घरी जाताना मिळतं ते बहुतेकदा गोषवारा असतो. ‘खोलीभाडे’, ‘तपासण्या’, ‘औषधे’, ‘ऑपरेशन’ अशा सहा-सात ओळी आणि प्रत्येकीसमोर एक रक्कम. ‘तपासण्या’ या एका ओळीत तीस नोंदी दडलेल्या असू शकतात. त्यातली एक दोनदा पडली असेल तर ती गोषवाऱ्यात दिसणारच नाही.

तपशीलवार बिलात प्रत्येक नोंद स्वतंत्र ओळीवर असते: तारीख, जमलं तर वेळ, सेवेचं किंवा औषधाचं नाव, नग, एका नगाचा दर आणि एकूण रक्कम. तपासणीसमोर सॅम्पलचा किंवा रिपोर्टचा क्रमांक असेल तर फारच उत्तम. औषधांसाठी प्रत्येक इंडेंटचा, म्हणजे वॉर्डातून फार्मसीला गेलेल्या मागणी-चिठ्ठीचा क्रमांक हवा. परत केलेल्या औषधांची नोंदही हवी. काउंटरवर याला ‘ब्रेकअप’ किंवा ‘डिटेल बिल’ म्हणतात. तोच शब्द वापरला की काम लवकर होतं.

पहिल्याच पत्रात तक्रार लिहू का?

नको. दोन पत्रं लिहा. पहिलं फक्त तपशील मागणारं, चार-पाच ओळींचं. दुसरं दुरुस्तीचं, तपशील हातात आल्यावर.

पहिल्या पत्रात ‘आम्हाला जास्त पैसे लावले’ असं लिहिलं की उत्तर देणाऱ्याचं लक्ष आरोपाकडे जातं आणि मागितलेला कागद मागे राहतो. शिवाय तपशील पाहिल्याशिवाय केलेल्या दहा आक्षेपांतले सात चुकीचे निघाले, तर उरलेल्या तीन खऱ्या आक्षेपांनाही कुणी गांभीर्याने घेत नाही. पहिलं पत्र एवढंच पुरे:

> विषय : अंतिम बिल क्र. ______ चा तारीखवार तपशील मिळण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
> माझे वडील (नाव, रुग्ण नोंदणी क्र. ______) आपल्याकडे ३ ते ७ तारखेदरम्यान दाखल होते. वरील बिलातील प्रत्येक आकारणीचा तारीख, नग, दर व रक्कम यांसह तपशील द्यावा. औषधांच्या बाबतीत इंडेंट क्रमांक व परत घेतलेल्या औषधांची नोंद आणि तपासण्यांच्या बाबतीत सॅम्पल क्रमांक दाखवावेत. ऑपरेशनचे पॅकेज लावले असल्यास त्यात काय समाविष्ट आहे, ती यादीही जोडावी.

बिलासोबत आणखी कोणते कागद लागतात?

बिल काय आकारलं ते सांगतं. प्रत्यक्ष काय घडलं ते केसपेपर सांगतात. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय दुबार आकारणी सिद्ध होत नाही. त्यामुळे मेडिकल रेकॉर्ड विभागाकडे केसपेपरच्या प्रती मागा. त्यासाठी वेगळा अर्ज आणि प्रतींचा खर्च लागतो.

त्यातले तीन कागद खरे कामाचे. एक, औषधोपचाराचा चार्ट. प्रत्येक डोस दिल्यावर नर्स त्यावर वेळ आणि सही टाकते. दुसरा, नर्सच्या नोंदी. रुग्णाला कोणत्या खोलीतून कुठे, किती वाजता हलवलं ते त्यांत सापडतं. तिसरं, तपासण्यांचे सगळे रिपोर्ट. डिस्चार्ज कार्ड लागेलच, पण एकटं पुरत नाही. त्यात ठळक गोष्टी असतात, रोजचा हिशेब नसतो. डिपॉझिटच्या पावत्याही काढून ठेवा. भरलेली एखादी पावती अंतिम बिलात वजा व्हायची राहून जाते, आणि ही चूक पकडायला सगळ्यात सोपी असते.

एकच तपासणी बिलात दोनदा दिसली, म्हणजे दुबार आकारणी झाली ना?

लगेच तसं म्हणू नका. बहुतेक पत्रं इथेच घसरतात.

आपल्या उदाहरणात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, ४ तारखेला दोनदा आहे आणि ५ तारखेलाही दोनदा. वरवर पाहता दोन्ही दिवशी चूक वाटते. रिपोर्ट काढल्यावर चित्र बदलतं. ४ तारखेचे दोन वेगळे रिपोर्ट आहेत. एकाचं रक्त सकाळी ६:२० ला घेतलंय, दुसऱ्याचं संध्याकाळी ७:३० ला, आणि सॅम्पल क्रमांकही वेगळे. ऑपरेशनपूर्वी एक आणि रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला नंतर एक, हे अगदी रास्त आहे. त्या दोन ओळींना हात लावायचा नाही. ५ तारखेला मात्र बिलात दोन ओळी असताना रिपोर्ट एकच आहे, सॅम्पल क्रमांकही एकच. ही दुबार आकारणी.

म्हणजे कसोटी अशी: वेगळी वेळ, वेगळं सॅम्पल, वेगळा रिपोर्ट असेल तर ती पुन्हा केलेली तपासणी. यांपैकी काहीच वेगळं नसेल तर ती पुन्हा लागलेली आकारणी.

एक मधली अवस्थाही असते. नळीत रक्त साकळलं किंवा पेशी फुटल्या, तर लॅब ते सॅम्पल नाकारते आणि पुन्हा रक्त घ्यावं लागतं. अशा वेळी सुया दोन टोचल्या जातात, पण रिपोर्ट एकच निघतो. पहिल्या सॅम्पलचे पैसे लागले असतील तर ‘नाकारलेल्या सॅम्पलची आकारणी रद्द करावी’ असं स्पष्ट लिहा. रुग्णाला दोनदा टोचल्याचं घरच्यांना आठवत असतं, म्हणून ते दोन्ही ओळी मान्य करून टाकतात. मोजायचे ते रिपोर्ट.

नाव वेगळं असेल तरी दुबार आकारणी असू शकते का?

हो, आणि ती शोधायला जास्त बारकाईने पाहावं लागतं. काही तपासण्या म्हणजे अनेक घटकांचा एक संच असतो. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट येतातच. लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये बिलिरुबिन येतं. सीरम इलेक्ट्रोलाइट्समध्ये सोडियम आणि पोटॅशियम येतात.

आपल्या उदाहरणात ४ तारखेला ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’ ही ओळ आहे आणि तिच्याखाली ‘सोडियम’ १५०, ‘पोटॅशियम’ १५० अशा आणखी दोन. तिन्हींसमोर सॅम्पल क्रमांक एकच. संचाचे पैसे लागले आणि त्यातल्या घटकांचेही लागले. नाव जुळत नसल्यामुळे संगणकाला ही पुनरावृत्ती वाटत नाही, माणसालाच ती दिसते. फक्त संध्याकाळी स्वतंत्र सॅम्पल घेऊन एकटं पोटॅशियम तपासलं असेल तर ती आकारणी योग्य आहे. सॅम्पल क्रमांक इथेही निर्णायक.

खोलीचे दिवस कसे मोजायचे?

आधी हॉस्पिटलचा नियम विचारा, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात. कुठे मध्यरात्री रुग्ण ज्या बेडवर असेल त्याचं भाडं लागतं. कुठे दाखल झाल्यापासून चोवीस तासांचा एक दिवस धरतात. कुठे खोली सोडायची ठरावीक वेळ असते आणि ती उलटली की पुढचा दिवस लागतो. ‘आम्ही चार रात्री होतो, पाच दिवसांचं भाडं का?’ हा आक्षेप नियम न पाहता लिहिला तर एका वाक्यात फेटाळला जातो.

दुबार आकारणी बहुतेकदा खोली बदलल्याच्या दिवशी सापडते. आपल्या रुग्णाच्या रात्री चार: ३ ची वॉर्डात, ४ ची आयसीयूत, ५ आणि ६ ची पुन्हा वॉर्डात. मध्यरात्रीच्या नियमाने वॉर्डाचे तीन आणि आयसीयूचा एक, असे चार दिवस व्हायला हवेत. बिलात वॉर्डाचे तीन बरोबर आहेत, पण आयसीयूचे दोन लागलेत, ४ आणि ५ तारखेचे. म्हणजे ५ तारखेला दोन बेडचं पूर्ण भाडं. नर्सच्या नोंदीत लिहिलंय, ‘दु. १२:४० वॉर्डात हलवले’. त्या रात्री रुग्ण आयसीयूत नव्हता हे यावरून ठरतं.

खोलीभाड्याशी बांधलेल्या इतर ओळीही त्याच दिवशी पाहा. नर्सिंग चार्ज, मॉनिटरचा चार्ज, आयसीयू डॉक्टरांची फी हे सगळं बेडच्या दिवसागणिक आपोआप लागत असेल, तर एक जादा दिवस आणखी दोन-तीन जादा ओळी सोबत आणतो. आपल्या उदाहरणात आयसीयूचा एकच एकत्रित दर आहे, ४,०००, म्हणून एकच ओळ दुरुस्त करायची आहे.

औषधांची यादी तर पानंच्या पानं असते. सगळी तपासायची का?

सगळी तपासत बसलात तर थकून सोडून द्याल. जी औषधं रोज ठरलेल्या वेळी दिली जातात आणि ज्यांचा दर जास्त आहे, अशी दोन-तीन निवडा. अँटिबायोटिक इंजेक्शन बहुधा त्यात असतंच. मग चार आकडे काढा: फार्मसीतून किती आले, चार्टवर किती दिले, परत किती गेले आणि बिलात किती लागले.

आपल्या रुग्णाला एक इंजेक्शन दर आठ तासांनी होतं: सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११. ३ तारखेला रात्री एक, ४, ५, ६ ला रोज तीन आणि ७ ला सकाळी एक, असे एकूण ११ डोस. चार्टवर सह्याही ११ आहेत आणि एका डोसला एकच व्हायल लागते. वेगवेगळ्या इंडेंटवर मिळून १६ व्हायल आल्या. घरी जाताना ३ परत दिल्याची चिठ्ठी मुलाने जपून ठेवली होती. तरी बिलात १६ लागल्यात.

आता अकरा आणि तीन चौदा. सोळातून चौदा गेले, दोन उरतात. तीन व्हायलचे पैसे परत मिळायला हवेत हे चिठ्ठीवरून पक्कं आहे. उरलेल्या दोनांचं मात्र आपल्याला माहीत नाही. एखादी फुटली असेल, विरघळवून ठेवलेली टाकून द्यावी लागली असेल, किंवा वॉर्डाच्या कपाटात राहिली असेल. म्हणून पत्रात तीनची दुरुस्ती मागायची आणि दोनबद्दल खुलासा मागायचा. पाचही ‘खोट्या लावल्या’ असं लिहिलंत तर दोनचं स्पष्टीकरण येईल आणि त्या ओघात तीनही विसरल्या जातील.

बिलात एकाच इंडेंट क्रमांकाखाली तेच औषध दोन ठिकाणी आलंय का, हेही नजरेखालून घाला. एक चिठ्ठी दोनदा चढली असेल तर इतर कशानेही ती इतक्या लवकर पकडता येत नाही.

ऑपरेशनचं पॅकेज घेतलं होतं, तरी हातमोजे आणि टाके वेगळे लावलेत. हे दुबार आहे का?

पॅकेजच्या यादीवर अवलंबून आहे. यादीत ‘ऑपरेशन थिएटरमधील वापराचं साहित्य’ असं असेल आणि तरी हातमोजे, टाक्यांचा धागा, ड्रेसिंग स्वतंत्र ओळींत आले असतील, तर तो खर्च दोनदा लागला. यादीतच ‘साहित्य वगळून’ असं लिहिलं असेल तर आक्षेप टिकत नाही. म्हणून तर पहिल्याच पत्रात ती यादी मागायची. भूलतज्ज्ञांची फी आणि थिएटरचं भाडं याच कारणाने वादात सापडतात.

हे मुद्दाम करतात का?

पत्र लिहिताना हा प्रश्न बाजूला ठेवा, असं माझं ठाम मत आहे. हेतू तुम्हाला सिद्ध करता येत नाही आणि दुरुस्तीसाठी त्याची गरजही नसते.

चूक कशी होते हे माहीत असलं तर मात्र कुठे पाहायचं ते कळतं. संगणक बंद असताना वॉर्डात हाताने चिठ्ठ्या लिहितात. तो सुरू झाल्यावर एक जण त्या चढवतो आणि दुसऱ्या पाळीतला कर्मचारी पुन्हा चढवतो. तपासणीची मागणी वॉर्डातून नोंदली जाते, लॅबही स्वतःची नोंद करते, आणि दोन्ही बिलात उतरतात. बेड बदलल्यावर जुना बेड संगणकात रिकामा करायचा राहिला तर दोन्ही बेडचं भाडं चालू राहतं. डिस्चार्जच्या घाईत परत आलेल्या औषधांची नोंद बिल छापून झाल्यावर होते. यावरून जागा ठरतात: पाळी बदलायच्या वेळा, खोली बदलल्याचा दिवस आणि घरी सोडल्याचा दिवस.

दुरुस्तीच्या पत्राचा नमुना द्याल का?

हा घ्या, वरच्याच उदाहरणावर. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी आहेत: बिलात काय आहे, केसपेपर काय सांगतात आणि आपण काय मागतो. हा क्रम मोडू नका. वाचणाऱ्याने तुमचा मुद्दा आणि त्याच्यासमोरचा स्क्रीन एवढंच ताडून पाहायचं असतं.

> प्रति,
> प्रमुख, बिलिंग विभाग
> (हॉस्पिटलचे नाव व पत्ता)
>
> विषय : अंतिम बिल क्र. ______ मधील दुबार आकारणीच्या दुरुस्तीबाबत
> संदर्भ : रुग्ण नोंदणी क्र. ______, तपशीलवार बिल दि. ______
>
> महोदय/महोदया,
>
> माझे वडील (नाव) आपल्या हॉस्पिटलमध्ये ३ ते ७ तारखेदरम्यान दाखल होते. तपशीलवार बिल व केसपेपर ताडून पाहिले असता पुढील नोंदींत तफावत आढळली.
>
> १. आयसीयू भाडे, ५ तारीख, रु./रक्कम ४,०००. रुग्णास त्या दिवशी दुपारी १२:४० वाजता वॉर्डात हलवल्याची नोंद आहे व त्याच दिवसाचे वॉर्डाचे भाडे स्वतंत्र लागले आहे. आयसीयूची आकारणी रद्द करावी.
>
> २. सीबीसी, ५ तारीख, दोन नोंदी. रिपोर्ट व सॅम्पल क्रमांक एकच आहे. एक नोंद, रक्कम ३००, रद्द करावी.
>
> ३. सोडियम व पोटॅशियम, ४ तारीख. दोन्ही घटक त्याच सॅम्पलवरील सीरम इलेक्ट्रोलाइट्समध्ये समाविष्ट आहेत. दोन्ही मिळून रक्कम ३०० वजा करावी.
>
> ४. इंजेक्शन (नाव), आकारलेले नग १६. तीन नग परत दिल्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. प्रत्येकी १२० प्रमाणे रक्कम ३६० वजा करावी.
>
> वरील चार मुद्द्यांची एकूण रक्कम ४,९६० होते.
>
> ५. खुलासा : त्याच इंजेक्शनचे ११ डोस चार्टवर नोंदलेले आहेत. परत केलेले तीन नग धरूनही दोन नगांचा (रक्कम २४०) हिशेब लागत नाही. वापर किंवा नासाडीची नोंद दाखवावी. नोंद नसल्यास ही रक्कमही वजा करावी.
>
> खोली बदलल्याच्या दिवशी भाडे कसे आकारले जाते, तो नियम लेखी द्यावा. सुधारित बिल व प्रत्येक मुद्द्याचे लेखी उत्तर दि. ______ पर्यंत मिळावे, ही विनंती.
>
> आपला/आपली,
> (नाव, रुग्णाशी नाते, फोन, पत्ता)
>
> सोबत : तपशीलवार बिलाची पाने (संबंधित ओळींवर खुणा करून), नर्सच्या नोंदीचे पान, औषधांचा चार्ट, तपासण्यांचे रिपोर्ट, औषध परतीची चिठ्ठी यांच्या प्रती.

पत्र पाठवताना ‘रु./रक्कम’च्या जागी तुमचं चलन घाला. मूळ कागद कधीही देऊ नका, प्रतीच द्या. आणि पत्र एका पानाच्या आसपास ठेवा. उपचारांबद्दल किंवा कर्मचाऱ्यांच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर तिचं पत्र वेगळं लिहा. एकाच पत्रात दोन्ही आलं की बिलाचा मुद्दा दुसऱ्या विभागाच्या टेबलावर जाऊन पडतो.

पत्र कुणी लिहायचं आणि कसं पोचवायचं?

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर त्याची सही सर्वांत सोपी. नातेवाईक लिहिणार असेल तर रुग्णाचं दोन ओळींचं अधिकारपत्र जोडा, नाहीतर खासगी माहितीचं कारण सांगून केसपेपर नाकारले जाऊ शकतात. रुग्ण हयात नसेल तर वारस म्हणून नातं दाखवणारा कागद लागतो.

समक्ष दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. सोबत ईमेलही करा. काउंटरवर किंवा फोनवर जे बोलणं होईल, ते त्याच दिवशी चार ओळींत ईमेलने लिहून पाठवा: कुणाशी बोलणं झालं आणि काय ठरलं. ‘पुढच्या आठवड्यात करून देतो’ हे तोंडी आश्वासन नंतर कुणालाच आठवत नाही, ईमेल मात्र राहतो.

बिल आधी भरायचं की आक्षेप आधी घ्यायचा?

डिस्चार्जच्या वेळी तपशील हातात नसतोच, त्यामुळे बहुतेक जण भरून मोकळे होतात. भरल्याने दुरुस्ती मागायचा मार्ग बंद होत नाही. तरी भरतानाच ‘तपशील पाहून आक्षेप घेण्याचा हक्क राखून रक्कम भरत आहे’ असं लिहून द्या आणि त्याची प्रत ठेवा. एखाद्या छापील कागदावर ‘बिल पूर्णपणे मान्य आहे’ असं लिहिलेलं असेल तर ते वाचूनच सही करा, आणि हक्क राखून ठेवल्याचं वरचं वाक्य तिथे हाताने लिहा.

बिल अजून भरायचं असेल तर ज्या ओळींबद्दल वाद नाही तेवढी रक्कम वेळेत भरा आणि उरलेल्याबद्दल पत्र द्या. सगळंच थांबवलं की थकबाकीदार म्हणून तुमच्यावरच पत्रं यायला लागतात.

बिल विमा कंपनीने भरलं. मग मी कशाला पाहू?

कारण विम्याची वार्षिक मर्यादा तुमची आहे. दुबार लागलेली रक्कम त्यातूनच गेली, आणि त्याच वर्षी पुन्हा दाखल व्हावं लागलं तर तेवढं कमी पडतं. शिवाय ठरावीक टक्के वाटा रुग्णाने भरायचा असेल तर फुगलेल्या बिलावर तो वाटाही वाढतो. दुरुस्तीच्या पत्राची प्रत विमा कंपनीला दाव्याचा क्रमांक घालून पाठवा. कंपनीने दिलेली रक्कम कंपनीला आणि तुम्ही भरलेली तुम्हाला परत जाते, हे मात्र धरून चाला.

उत्तर आलं: ‘सिस्टमप्रमाणे बिल बरोबर आहे.’ आता?

हे उत्तर नाही. सिस्टममध्ये नोंद आहे हे तुम्हीच सांगितलंय. प्रश्न त्या नोंदीमागे घडलेली सेवा आहे का, हा आहे. दुसरं पत्र छोटं लिहा: ‘मुद्दा क्र. २ मधील दुसऱ्या सीबीसीचा रिपोर्ट व सॅम्पल क्रमांक द्यावा. तो उपलब्ध नसल्यास आकारणी रद्द करावी.’ एका मुद्द्याला एक पुरावा मागितला की उत्तर टाळणं कठीण होतं. हे पत्र बिलिंगसोबत वैद्यकीय अधीक्षक किंवा प्रशासन प्रमुखांच्या नावे द्या, कारण लॅब आणि वॉर्ड दोन्हींकडून उत्तर मागवण्याचा अधिकार तिथे असतो. त्यानंतरही काही हललं नाही तर तुमच्या भागात ग्राहकांच्या किंवा रुग्णांच्या तक्रारी घेणारी जी यंत्रणा असेल तिच्याकडे हीच कागदपत्रं क्रमाने लावून द्या. तिथे जायला कालमर्यादा असते, ती आधीच पाहून ठेवा.

ते म्हणतात, ‘जाऊ द्या, आम्ही थोडी सूट देतो.’ घ्यावी का?

सूट आणि दुरुस्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. सूट दिली तर चुकीची ओळ बिलात तशीच राहते आणि विमा कंपनीसमोर तेच बिल जातं. रक्कम तुमच्या आकड्याएवढी असली तरी सुधारित बिल मागा. ज्यात आयसीयूचा एकच दिवस आणि इंजेक्शनचे १३ नग दिसतील, असं. रक्कम कमी मिळत असेल आणि तुम्हाला प्रकरण संपवायचं असेल तर तो निर्णय तुमचा, त्यात गैर काही नाही. फक्त सूट कोणत्या मुद्द्यांपोटी दिली ते लेखी घ्या.

दुरुस्ती मान्य झाली. आता काय पाहायचं?

सुधारित बिलाचा क्रमांक आणि तारीख नवी आहे का, किंवा जुन्या बिलाविरुद्ध क्रेडिट नोट दिली आहे का, ते पाहा. चारही मुद्दे ओळीओळीने तपासा. एक ओळ काढताना दुसरी वाढलेली असू शकते. परताव्याची रक्कम तुम्ही ज्या मार्गाने भरली होती त्याच मार्गाने, म्हणजे कार्डावर किंवा खात्यात, जमा होते का आणि किती दिवसांत, ते लेखी विचारा. दोन व्हायलचा खुलासा आला आणि नासाडीची नोंद खरोखर दाखवली, तर तो मुद्दा सोडल्याचं एका ओळीत कळवा आणि जमा झालेल्या ४,९६० ची पोच द्या.